फनेल एकदम सरळ उतरत होता, तरी चुकीचा होता

मी संभाजीनगरात एका छोट्या कंपनीत डेटाचं काम बघते. शेतकऱ्यांसाठीचं ॲप आहे, सोयाबीन-तुरीचा भाव बघायचा आणि माल विकायची नोंद करायची. मागच्या हंगामात सोयाबीन निघायच्या तोंडावर सरांनी एक काम दिलं, ते वरून बघायला अर्ध्या दिवसाचं होतं. साइनअपच्या प्रत्येक पायरीवर किती लोक पोचतात आणि कुठं गळतात ते काढायचं, ह्यालाच आमच्यात फनेल म्हणतात. पायऱ्या पाचच: ॲप उघडलं, मोबाईल नंबर टाकला, ओटीपी जुळला, गाव भरलं, नोंदणी पूर्ण.

आमच्याकडं `events` नावाचं एक टेबल आहे, ॲपमधे माणसानं काही केलं की त्यात एक ओळ पडते, कोणत्या फोनवरून, काय केलं, किती वाजता. आता कुणालाही सुचेल की प्रत्येक पायरीला वेगवेगळे `user_id` मोजले की झालं. पण `user_id` तयारच होतो ओटीपी जुळल्यावर. त्याआधी तो रिकामा, आणि `COUNT(DISTINCT user_id)` रिकाम्या ओळी मोजतच नाही. मग पहिल्या दोन पायऱ्यांवर जवळजवळ कुणीच नाही आणि तिसरीवर एकदम गर्दी, असं चित्र येतं. म्हणून मी `device_id` धरला, म्हणजे माणसाऐवजी फोन मोजला. ही माझी पहिली तडजोड, आणि पुढं तीच नडली.

दुसरं म्हणजे क्रम. नुसतं मोजून भागत नाही, आधी नंबर टाकला आणि त्यानंतर ओटीपी जुळला असं पाहिजे. बरेच जण इथं प्रत्येक घटनेची सगळ्यात पहिली वेळ काढतात आणि दोन वेळा एकमेकींशी ताडतात, पण ज्यानं ॲप जुनं वापरलंय, मधे लॉगआउट झालाय आणि परत आलाय त्याचा पहिला ओटीपी आपण बघतोय त्या नंबरच्याही आधीचा असू शकतो आणि तो माणूस उगाच बाद होतो. म्हणून प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या वेळेला बांधून काढावी लागते. ही क्वेरी मी मनापासून लिहिली होती:

```sql
WITH s2 AS (
  SELECT device_id, MIN(event_time) AS t
  FROM events
  WHERE event_name = 'number_entered'
  GROUP BY device_id
), s3 AS (
  SELECT s2.device_id, MIN(e.event_time) AS t
  FROM s2 JOIN events e
    ON e.device_id = s2.device_id
   AND e.event_name = 'otp_verified'
   AND e.event_time >= s2.t
  GROUP BY s2.device_id
)
SELECT (SELECT COUNT(*) FROM s2),
       (SELECT COUNT(*) FROM s3);
```

पुढच्या दोन पायऱ्या ह्याच साच्यात. त्यातलं ते `>=` बघा, आमची वेळ सेकंदापर्यंतच नोंदवली जाते, गाव भरणं आणि नोंदणी पूर्ण होणं कधीकधी एकाच सेकंदात पडतं, नुसतं `>` टाकलं की तेवढे लोक गायब होतात आणि कुठंही एरर येत नाही.

आकडे आले. ४,१८० फोनांवर ॲप उघडलं, ३,२६५ वर नंबर टाकला, १,९१२ वर ओटीपी जुळला, मग १,७९० आणि शेवटी १,५०६. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा कमी, आलेख पायऱ्यापायऱ्यांनी छान खाली उतरणारा. नंबर टाकलेल्या शंभरातले एकेचाळीस ओटीपीवर अडकतात, असं तो आलेख ओरडून सांगत होता. मीटिंगमधे दहा मिनिटांत निर्णय झाला की एसेमेस पाठवणारी कंपनी बदलायची. मला तेव्हाही बरं वाटलं होतं की माझ्या क्वेरीवरून लगेच काहीतरी होतंय. आकडा कुठून आला हे मात्र एकानंही विचारलं नाही, आणि हे आमच्याकडं नेहमीचंच आहे, आलेख रंगीत असला की प्रश्न संपतात.

विचारलं ते लातूरच्या आमच्या फिल्डवाल्या पोरानं. तो त्या मीटिंगला नव्हताच, दुसऱ्या दिवशी वेगळ्याच कामाला फोन केला आणि बोलता बोलता म्हणाला, "ताई, एसेमेसवाले बदलायलेत म्हणं? कामून? ओटीपी तर लगेच यायलाय की. मी औशात, निलंग्यात रोज समोर बसून करायलोय, नंबर टाकला की तो आपोआपच भरून पुढं जायलाय."

आपोआप भरून पुढं जातो. हे ऐकलं आणि फोन ठेवायच्या आधीच माझ्या पोटात गोळा आला. मी क्रम काढून टाकला आणि फक्त प्रत्येक घटना किती फोनांवर घडली एवढंच मोजलं, दोन ओळींची साधी क्वेरी. ओटीपी जुळला १,९१२. गाव भरलं २,६१०.

आता गाव भरायची स्क्रीन ओटीपी जुळल्याशिवाय उघडतच नाही. मग निदान सातशेच्या आसपास फोन ओटीपी न जुळवता तिथं पोचले कसे? ॲपच्या कोडमधे बघितलं तर `otp_verified` ही नोंद 'पुढे जा' बटण दाबल्यावर पडत होती. ज्या फोनवर ॲपनं मेसेज स्वतः वाचून आकडे भरले तिथं फॉर्म आपणहून पुढं जातो, बटण कुणी दाबतच नाही, मग नोंद कुठली पडणार. म्हणजे ज्यांचा ओटीपी सगळ्यात लवकर आणि बिनत्रासाचा जुळला नेमके तेच लोक माझ्या हिशोबात गळाले होते.

आणि हे माझ्या क्रमवाल्या क्वेरीत दिसणं शक्यच नव्हतं, ही गोष्ट मला अजून टोचते. त्या क्वेरीत चौथ्या पायरीवर तोच येऊ शकतो जो तिसरीवर मोजला गेलाय, त्यामुळं आकडा वर जाऊच शकत नाही. आलेख उतरता आहे म्हणून मी निर्धास्त होते, पण उतरता तर तो माझ्या जॉइननं केला होता, लोकांनी नाही. मधल्या एखाद्या पायरीची नोंद निम्म्या फोनांवर पडलीच नाही तरी तो तितकाच सरळ दिसला असता. तेव्हापासून मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी काढते, क्रम लावून आणि क्रम न लावता, आणि क्रम नसलेल्यात पुढची पायरी मागचीपेक्षा मोठी दिसली की आधी नोंदीच तपासते.

ओटीपीसाठी आता खात्रीची जागा एकच, सर्व्हरवरचं `users` टेबल, कारण ओटीपी जुळला तरच तिथं ओळ तयार होते, बटणाशी त्याचा संबंध नाही. तिथं मोजलं तर ३,७५८ लोक. आणि नंबर टाकलेले फोन होते ३,२६५. म्हणजे नंबर टाकणाऱ्यांपेक्षा ओटीपी जुळलेलेच जास्त!

एका फोनवर तर एक्केचाळीस माणसं नोंदली होती. आमच्या प्रॉडक्टवाल्या मॅडम लगेच म्हणाल्या की हे बनावट आहेत, काढून टाक. हा सल्ला मला पटला नाही, अजूनही पटत नाही, न समजलेली ओळ पुसून टाकायची ही सवय ह्या धंद्यात सगळीकडं आहे. मी लातूरच्या पोराला तो भाग सांगितला, तो हसलाच. "ताई, ते कृषी सेवा केंद्रवाले. शेतकरी खत-औषध न्यायला येतो, दुकानदार आपल्याच फोनवर त्याची नोंदणी करून देतोय." असे पाचपेक्षा जास्त नंबर टाकलेले चौऱ्याहत्तर फोन निघाले.

मग फोन मोजायचं सोडलं. नंबर टाकताना आम्ही नंबर तसाच न ठेवता त्याचा हॅश, म्हणजे त्या नंबरवरून काढलेली ठरावीक सांकेतिक खूण साठवतो, तो `mobile_hash` धरून परत सगळं काढलं. ॲप उघडलं ही पायरी त्यातून वगळली, कारण तेव्हा माणूस कोण हे कळायला काही मार्गच नसतो, ती फोनांच्या हिशोबात वेगळी ठेवली. आता स्वतःच्या फोनवरून टाकलेले नंबर ३,२६०, त्यातले २,८६८ जुळले, म्हणजे शंभरात अठ्ठ्याऐंशी. दुकानातून टाकलेले १,४८०, जुळले ८९०, शंभरात साठ.

फोन मोजत होते तेव्हा दुकानाच्या फोनवर एकाचा जरी ओटीपी जुळला तरी तो अख्खा फोन पुढं गेलेला दिसायचा. मागं राहिलेले पाचशे नव्वद नंबर त्यात झाकले गेले होते. बटणाच्या चुकीनं चांगलं चाललेलं वाईट दिसत होतं आणि फोन मोजल्यानं वाईट चाललेलं दिसतच नव्हतं.

एसेमेस कंपनी बदलली नाही. पोरानं औशाच्या एका दुकानात बसून बघितलं तर ओटीपी वेळेवर जात होता, पण जात होता वावरात ठेवलेल्या फोनवर, नाहीतर पुण्याला कामाला असलेल्या मुलाच्या फोनवर. शेतकरी दुकानदाराच्या फोनवरून मुलाला लावतो, मुलगा उचलत नाही, उचलला तर मेसेज शोधेपर्यंत तीन मिनिटं होतात आणि आमचा ओटीपी तीनच मिनिटं चालतो. आता दुकानाच्या फोनांना दहा मिनिटं केलीत, त्याचा फरक किती हे अजून पुरतं काढता आलेलं नाही. जे आज नंबर टाकून उद्या परत येऊन ओटीपी जुळवणार आहेत त्यांना वेळ तर द्यायला पाहिजे, काल आलेल्यांना आजच गळाले म्हणून मोजणं हीसुद्धा चूकच.

त्या दुकानदारानं एक वही ठेवली होती. ज्यांचा ओटीपी मिळाला नाही त्यांची नावं, समोर मुलाचा किंवा पुतण्याचा नंबर, परत आले की करून द्यायचं म्हणून. पोरानं मला एकच विचारलं, "वहीत तेवीस नावं आहेत, तुमच्यात किती?" मी त्या फोनवरचे नंबर टाकलेले पण ओटीपी न जुळलेले हॅश काढले. सव्वीस. तीन जास्त. त्याला वहीत खाडाखोड कुठं आहे का बघायला सांगितलं, तर दोन ठिकाणी नंबरमधला एक आकडा खोडून दुसरा लिहिलेला होता, म्हणजे आधी चुकीचा नंबर टाकला, मग बरोबर, आणि माझ्याकडं ती दोन-दोन माणसं झाली. एक आकडा बदलला तरी हॅश पार वेगळा होतो, त्यामुळं हे क्वेरीतून ओळखायला जागाच नाही, वहीतूनच कळलं.

सव्विसातला एक मात्र अजून सापडलेला नाही. पोरगा परवा परत औशाला चाललाय, दुकानदाराला विचारतो म्हणाला.