किलोचा भाव आणि रेलिंगचे तास

भोसरीतल्या आमच्या स्टील फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये एस्टिमेशन, म्हणजे कामाचा खर्च आणि दर काढणं, माझ्याकडे असतं. त्या दिवशी टेबलावर एका खाद्यपदार्थ कारखान्याचं टेंडर होतं: प्लॅटफॉर्म, जिने आणि रेलिंग, एकूण 10 टन, आणि दर मागितला होता किलोला एकच. शेठ म्हणाले, "मागच्या शेडला 102 ने काम केलंय, तोच टाका ना."

शेडमध्ये सगळा जड माल होता. इथे ड्रॉइंगवरून वजनं काढली तर 8 टन बीम, कॉलम आणि चेकर्ड प्लेट, पण उरलेले 2 टन जिने नि रेलिंग. बीमला कटिंग, ड्रिलिंग, क्लीट लावणं एवढंच. रेलिंगला मात्र पाइपचा प्रत्येक सांधा कोरून जुळवायचा, वेल्ड करायचा, ग्राइंडरने गुळगुळीत करायचा. आमच्या जुन्या जॉबकार्डांवरून बीमला टनाला 40 माणूस-तास बसतात, रेलिंगला 110. म्हणजे 320 आणि 220, एकूण 540 तास. वजनात पाचवा हिस्सा असलेलं काम 40 टक्क्यांहून जास्त तास खाणार होतं.

मालाचं गणित सोपं. गिऱ्हाईक पैसे देणार ड्रॉइंगच्या वजनाचे, आम्ही माल घेणार वजनकाट्यावर, म्हणून 4 टक्के घट धरून 10,400 किलो. 62 रुपयांनी 6,44,800. त्यातून भंगाराचे 9,000 वजा, आणि रॉड, गॅस, बोल्ट, प्रायमर यांचे 70,000 वर. माल झाला 7,05,800.

ओव्हरहेडवर आमची नेहमी जुंपते. शेडचं भाडं, वीज, सुपरवायझर, मशिनचा घसारा धरून वर्षाला 24 लाख. आठ माणसांचे हजेरीचे तास 16,000 होतात, त्याने भागलं तर तासाला 150. पण क्रेनची वाट बघण्यात, माल हलवण्यात जातो तो वेळ कुठल्याच जॉबवर लागत नाही. कामावर खरे लागतात 12,000 तास, म्हणून 200 धरले. तासाला 50 रुपये किरकोळ वाटतात, पण 540 तासांवर ते 27,000 होतात. मजुरीचा 140 चा दरही पीएफ, ईएसआय, बोनस घालून याच खऱ्या तासांवर काढलेला. मजुरी 75,600, ओव्हरहेड 1,08,000. माल धरून या सगळ्यावर ऑफिस खर्च 8 टक्के, मग वाहतुकीचे 30,000. एकूण खर्च 9,90,552.

शेठना विक्रीवर 10 टक्के सुटायला हवे होते. त्यांनी कॅल्क्युलेटरवर 1.1 ने गुणलं. मी 0.9 ने भागून दाखवलं: 11,00,613. गुणून आलेली रक्कम 11,000 ने कमी होती. खर्चावर 10 टक्के लावले तर विक्रीवर 9.1च पडतात.

किलोला 110. शेठ गप्प झाले, कारण 102 ला गेलो असतो तर 80,000 गेले असते आणि नफ्यातले उरले असते जेमतेम 30,000.

मला मात्र 110 चीही धास्ती होती. एकच दर असला की कामात बदल झाला तरी तोच दर लागू. बीम कमी झाले नि रेलिंग वाढलं, तर वजन तेवढंच राहून तास फुगणार. म्हणून दोन भाग वेगळे करून पाहिले: जड कामाला 104 च्या आसपास, रेलिंग-जिन्यांना जवळपास 133. प्रश्न विचारायची मुदत अजून होती. आम्ही लेखी विचारलं, की जिने आणि रेलिंगला वेगळी ओळ द्याल का? त्यांच्या प्रोजेक्ट इंजिनिअरला मुद्दा पटला असावा. शुद्धिपत्र आलं, त्यात दोन ओळी होत्या.

आमचा दर सगळ्यांत कमी ठरला. मग वाटाघाटीला बोलावणं आलं आणि परचेसवाल्यांनी हसतहसत 5 टक्के सूट मागितली. हे असं मागतात जणू चहा मागवतायत. 11 लाखांचे 5 टक्के म्हणजे 55,000, आमच्या नफ्याचा बरोबर अर्धा भाग. मी सांगितलं, दरात काही सुटणार नाही, पण पेमेंट 60 दिवसांऐवजी 30 दिवसांत दिलंत तर 1 टक्का देतो, कारण तेवढं व्याज आमचं वाचतं. त्यांनी अकाउंट्सला फोन लावला. शेवटी 45 दिवस आणि अर्ध्या टक्क्यावर तुटलं.

काम सुरू झाल्यावर एका बाजूची भिंत रद्द झाली आणि तिथे 600 किलो रेलिंग वाढलं. बिल गेलं 133 ने.