पाट्यांची वही: जर्मनीतला पार्किंगचा खांब

पाट्यांचे फोटो आणि त्यांचे अर्थ नोंदवायच्या आपल्या वहीसाठी या खेपेला जर्मनीतले फोटो काढून बसलो. सुट्या पाट्या बाजूला ठेवल्या आणि एकाच खांबावर एकीखाली एक लावलेल्या पाट्यांचाच फोटो घेतला. एकेका पाटीचा अर्थ शब्दकोशात मिळतो, पण गाडी इथे लावायची का आणि किती वाजेपर्यंत, हे सगळा खांब एकत्र वाचल्याशिवाय कळत नाही. आपल्या नोंदीतली 'काय करायचं' ही ओळ त्यासाठीच तर असते.

खांब असा आहे. सगळ्यात वर निळ्या चौकोनात पांढरा 'पी'. त्याखाली छोटी पांढरी पाटी, तिच्यावर पोहोचल्याची वेळ दाखवायला गाडीत ठेवायच्या तबकडीचं चित्र आणि '२ तास'. तिच्याखाली 'वेर्कटाग्स ८–१८'. तळाला रहिवासी परवानाधारकांचा उल्लेख आणि शेवटी एक शब्द, 'फ्राय'.

तिथला नियम असा की अशी खालची छोटी जोडपाटी तिच्या लगेच वर असलेल्या मुख्य चिन्हाला लागू होते. म्हणजे याच खांबावर 'पी'च्याही वर वेगमर्यादेचं चिन्ह असतं, तर ८ ते १८ ही वेळ त्या वेगमर्यादेची नसती. म्हणून फोटोत खांब वरपासून खालपर्यंत यायलाच हवा. नुसत्या मजकुरावर झूम केलेल्या फोटोत कोणती पाटी कोणाची हेच हरवतं.

'वेर्कटाग्स' म्हणजे कामाच्या दिवशी. आपण पटकन सोमवार ते शुक्रवार लिहून मोकळे होतो, पण जर्मन वाहतूक नियमांत शनिवारही त्यात धरतात. रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या तेवढ्या वगळल्या जातात. त्यातही सुट्ट्या राज्यागणिक बदलतात: ६ जानेवारीला बव्हेरियात सुट्टी असते, बर्लिनमध्ये नसते. त्यामुळे फोटोखाली गावासोबत राज्याचंही नाव लिहायला मी सुरुवात केली आहे.

'फ्राय'चं शब्दशः भाषांतर 'मोकळं' किंवा 'फुकट' होतं आणि प्रवाशाला फुकट पार्किंग मिळाल्यासारखं वाटतं. इथे त्याचा अर्थ 'यांना ही अट नाही' असा आहे. परवाना असलेल्या रहिवाशांना तबकडीची आणि २ तासांची अट नाही, बाकी सगळ्यांना आहे. प्रवेशबंदीखाली सायकलचं चित्र आणि 'फ्राय' दिसलं, तर सायकलवाल्याने खुशाल जावं. 'आनलीगर फ्राय' असेल, तर त्या रस्त्यावर राहणारे किंवा तिथे कोणाकडे काम असलेले लोकच जाऊ शकतात. नुसता जवळचा रस्ता म्हणून तिथून गाडी काढता येत नाही.

आता तबकडी. ती निळी, पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची असते. पोहोचल्याच्या वेळेनंतर येणाऱ्या अर्ध्या तासाच्या खुणेवर काटा ठेवायचा आणि बाहेरून दिसेल अशी ती काचेमागे ठेवायची. शनिवारी सकाळी ९:४० ला पोहोचलात, तर काटा १० वर आणि गाडी १२ पर्यंत. दुपारी ४:४० ला आलात, तर काटा ५ वर; दोन तास संध्याकाळी ७ ला भरतात, पण अट ६ लाच संपते, म्हणून गाडी रात्रभर राहिली तरी चालते. फक्त पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी ८ ला अट पुन्हा सुरू होते, त्याआधी गाडी काढावी. रविवारी तबकडीची गरजच नाही.

वहीत शेवटी लिहिलं ते असं: 'सोमवार ते शनिवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६: तबकडी लावा, २ तासांत गाडी काढा. इतर वेळी आणि सार्वजनिक सुट्टीला वेळेची मर्यादा नाही. परवानाधारक रहिवाशांना तबकडी नको.' शब्दशः भाषांतर मी वेगळ्या ओळीत ठेवतो. दोन्ही एकत्र केलं, की पाटीवर नसलेलं वाक्य पाटीचं म्हणून खपतं.

'काय करायचं' ही टीप तपासायला एक पद्धत फार उपयोगी पडते. कुठलाही वार, वेळ आणि वाहन धरायचं आणि फक्त टिपेवरून हो किंवा नाही असं उत्तर काढायचं. उत्तर अडलं, तर खांबावरची एखादी पाटी वाचायची राहिलेली असते.

पुढचे फोटो 'थांबू नये'च्या गोल चिन्हांचे आहेत: निळ्यावर लाल कड, लाल फुली आणि एक बारीक पांढरा बाण. बाण रस्त्याकडे वळलेला असेल तर बंदी तिथून सुरू, रस्त्यापासून दूर असेल तर तिथे संपली. रस्ता कोणत्या बाजूला आहे हे जवळच्या फोटोत दिसत नाही, म्हणून अशा चिन्हांचा थोडं मागे सरकून दुसराही फोटो घ्या. ज्यांचा तसा नाही, त्यांची 'काय करायचं' ओळ मी सध्या कोरी ठेवली आहे.