पट्टीवर ऑइल फुल, तरी लाल दिवा

गगनबावड्याहून कोल्हापूरला येताना कळे मागं पडलं आणि डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं लाल चित्र लागलं. आधी दोनदा लुकलुकलं, मग लागूनच राहिलं. वेग सत्तरच्या आसपास होता, रस्ता सरळ होता, टेंपरेचरचा काटा जागच्या जागी आणि इंजिनाचा आवाजही रोजचाच. समोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. मी गाडी डावीकडं उतरवली आणि ती थांबल्यावर लगेच चावी बंद केली. चालत्या गाडीत चावी बंद केली तर स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही लवकरच संपते, म्हणून आधी बाजूला आणि मग बंद, हा क्रम.

शेजारी आण्णा होते, म्हणजे माझे वडील. त्यांचं म्हणणं साधं होतं, "ऑइल कमी झालं असंल. पट्टी बघ, मागं कळ्यात डबा मिळंल."

ऑइल चेंबरमध्ये उतरेपर्यंत दहा मिनिटं थांबून पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्या जरासं खाली, म्हणजे भरपूर. गाडीखाली वाकून बघितलं, थेंबही गळत नव्हता. आण्णांनी लगेच निकाल दिला, "मग सेन्सर गेलाय. चल हळूहळू, वीसेक किलोमीटर तर राहिलंय."

इथंच बहुतेक इंजिनं मरतात. पट्टी चेंबरमध्ये किती ऑइल आहे ते सांगते. लाल दिवा सांगतो तो प्रश्न वेगळाच आहे: ते ऑइल पंपानं उचलून बेअरिंगपर्यंत दाबानं पोचतंय का? चेंबर काठोकाठ भरलेलं असलं तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असू शकतं. आणि पट्टीवर ऑइल असूनही दिवा लागला, तर ते जास्त वाईट लक्षण. ऑइल कमी असेल तर लिटरभर ओतून गोष्ट मिटण्याची शक्यता तरी असते. इथं ओतायलाच काही उरलेलं नसतं.

ऑइलच्या पातळीचा दिवा निराळा असतो, आणि तो असला तर पिवळा. चित्र तेच, झारीचं, पण खाली लाटेसारखी रेघ किंवा शेजारी MIN अशी अक्षरं. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत तो नसतोच, आमच्याही नाही. तो लागतो तेव्हा ऑइल खालच्या खुणेच्या आसपास आलेलं असतं, पण पंपाची जाळी अजून ऑइलात बुडालेली असते. सपाट जागी गाडी लावून पट्टी बघायची, त्याच ग्रेडचं ऑइल थोडं थोडं ओतायचं आणि पुढं जायचं. बऱ्याच गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटर बसतं, त्यामुळं अर्ध्या लिटरनं काम होतं. चढावर उभ्या केलेल्या गाडीत हा दिवा उगाचही लागतो. लाल दिव्याला अशी कुठलीही सवलत नाही.

कारण तो फार उशिरा लागतो. ब्लॉकवर बसवलेला प्रेशर स्विच बहुतेक गाड्यांत 0.3 ते 0.5 बारच्या आसपास काम करतो. गरम इंजिन रस्त्यावर चालताना दाब साधारण 3 ते 4 बार असायला हवा. म्हणजे दाब तीनवरून दोन, दोनवरून एक असा घसरत असताना दिवा गप्प असतो आणि जवळजवळ शून्य झाल्यावर बोलतो. दाब कमी व्हायला लागलाय असं सांगणारा तो दिवा नाही. दाब संपला, असं सांगणारा आहे.

विम्याबरोबरच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन केला. टोइंगची गाडी यायला बराच वेळ लागला, त्या काळात आण्णा माझ्याशी फारसं बोलले नाहीत. मग गंमत झाली. टोइंगवाल्या पोरानं गाडी वर चढवायला म्हणून चावी मागितली आणि मी नको म्हणेपर्यंत स्टार्टही मारला. दिवा दोन सेकंदांत गेला! "साहेब, काय झालं नाही की गाडीला. चालवत न्या." आण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी गाडी बंद करायला लावली आणि विंचनं ओढून वर घ्यायला सांगितली. पातळी बरोबर असताना सत्तरच्या वेगानं लागलेला दिवा अर्ध्या तासाच्या विश्रांतीनं का जावा, हे मला तेव्हा कळत नव्हतं. पण कारण माहीत नसताना गेलेला दिवा मला लागलेल्या दिव्याइतकाच वाईट वाटला.

गाडी उद्यमनगरात आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडं उतरवली. त्यांनी स्विच बदलायची घाई केली नाही. स्विच स्वस्त असतो, बिघडतोही, कधी त्यातून ऑइल झिरपून कनेक्टरमध्ये येतं. म्हणून "स्विच बदला, बघू" हाच रिवाज पडलाय. त्यांनी स्विच काढून त्याच भोकात काट्याचं प्रेशर गेज बसवलं. गार इंजिन आयडलला 3 बारच्या वर. आण्णांचा चेहरा खुलला. मिस्त्री म्हणाले, "थांबा आण्णा, गरम होऊ दे." गरम झाल्यावर आयडलला 1 बारच्या जरासं वर, तेही ठीक. मग त्यांनी इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमला धरून ठेवलं. काटा आधी चढला, काही मिनिटांनी थरथरायला लागला आणि मग आरपीएम तेवढाच असताना खाली घसरला. 1 बारच्या खाली गेल्यावर त्यांनी लगेच इंजिन बंद केलं.

एवढ्यावरून त्यांनी चेंबर उघडायचं ठरवलं, आणि त्यामागचा हिशोब मला फार आवडला. बेअरिंग झिजली असतील तर दाब गरम आयडलला पडतो आणि आरपीएम वाढवला की चढतो, कारण पंप जास्त ऑइल ढकलतो. आमच्या गाडीत उलटं होत होतं: पंप जितकं जास्त मागेल, तितका दाब कमी. म्हणजे पंपाला ऑइल ओढताच येत नाही, त्याची वाट कुठंतरी तुंबलीय. स्विच खराब असता तर दिवा लागला असता, पण गेजवरचा दाब पडला नसता.

चेंबर खाली आल्यावर जाळी दिसली. काळ्या गाळाबरोबर तिच्यावर राखाडी रबरी दोऱ्या आणि तुकडे चिकटलेले. सिलिकॉन. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये चेंबरच्या जोडातली गळती काढली होती. तिथं सिलिकॉनची पट्टी बारीक न लावता जाड लावली, बोल्ट आवळल्यावर जास्तीचं आतल्या बाजूला पिळून आलं, वाळलं आणि गरम ऑइलात सुटून तरंगायला लागलं. इंजिन जोरात चालताना पंपाचा ओढा त्या तुकड्यांना जाळीवर घट्ट बसवायचा. इंजिन बंद केलं की ओढा संपतो, तुकडे सुटून खाली पडतात. म्हणूनच टोइंगवाल्या पोरानं स्टार्ट मारल्यावर दिवा गेला होता, आणि तसंच चालवत निघालो असतो तर काही किलोमीटरवर पुन्हा लागला असता.

मिस्त्रींच्या टेबलावर दुसऱ्या एका गाडीचा क्रँक पडला होता. मिस्त्रींनी तो आण्णांना मुद्दाम दाखवला. त्या गृहस्थांनी कागलपाशी लाल दिवा बघितला, पट्टी बघितली, वर लिटरभर ऑइल ओतलं आणि कोल्हापूर गाठलं. क्रँकच्या एका जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर, निळसर काळा डाग होता, बोट फिरवलं तर खाचा लागत होत्या. क्रँक आणि बेअरिंगच्या शेलमध्ये केसाच्या जाडीहून कमी जागा असते, मिलिमीटरचे काही शतांश. तेवढ्या जागेत दाबानं आलेलं ऑइल फिरणाऱ्या क्रँकबरोबर ओढलं जातं आणि क्रँक त्या थरावर अधांतरी फिरतो, धातू धातूला लागतच नाही. पुरवठा थांबला की आहे ते ऑइल बेअरिंगच्या दोन्ही कडांनी निसटतं आणि थर फाटतो. याला फार वेळ लागत नाही. वजन जास्त आणि वेग जास्त असेल तर सेकंदांचा मामला आहे. शेलचा वरचा मऊ थर घासून तापतो, वितळून पसरतो. मग शेल जागेवरून फिरतो आणि त्याचं ऑइलचं भोक ब्लॉकच्या भोकासमोरून सरकतं. तिथून पुढं दाब परत आला तरी त्या बेअरिंगला ऑइल मिळत नाही. बाहेर ऐकू येतो तो कनेक्टिंग रॉडचा ठक-ठक आवाज. तो आला की गॅरेज आणि टर्नर या दोघांची सोय झाली. टर्बो असेल तर तो आणखी आधी जातो, कारण त्याचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तोही याच ऑइलावर.

आण्णांनी विचारलं, "हळू चालवली असती तर?" मिस्त्री हसले. हळू चालवल्यानं वजन कमी होतं हे खरं, पण दाब तयार होत नाही. शिवाय आयडलला पंप सगळ्यात कमी ऑइल ढकलतो. त्या गृहस्थांचा क्रँक आता 0.25 मिलिमीटरनं ग्राइंड करून, अंडरसाइज शेल टाकून वाचला तर वाचला; नाहीतर नवा. कनेक्टिंग रॉड तपासायचा, ब्लॉकच्या ऑइल वाटांतला धातूचा चुरा काढायचा, टर्बो उघडायचा. विम्याच्या साध्या पॉलिसीत असला यांत्रिक बिघाड धरतच नाहीत.

आमचं काम त्या मानानं थोडक्यात आटोपलं. जाळी नवी टाकली, चेंबर धुतलं, जोडाच्या दोन्ही कडा जुनं सिलिकॉन खरवडून स्वच्छ केल्या. मिस्त्रींनी एका रॉडचं आणि एका मेन बेअरिंगचं कॅप उघडून शेल बघितले. पृष्ठभाग एकसारखा राखाडी, वरचा थर झिजून खालचा तांब्याचा रंग कुठं दिसत नव्हता, म्हणून पुढं उघडलं नाही. सिलिकॉनची नवी पट्टी मोजून बारीक ओढली, वाळायला रात्रभर ठेवली, सकाळी ऑइल आणि फिल्टर. पुन्हा गेज लावून तीच परीक्षा घेतली: गरम इंजिन, अडीच हजारावर, यावेळी बराच वेळ. काटा 3 च्या वर जाऊन तिथंच थांबला. तेव्हाच स्विच परत बसवला, जुनाच.

ऑइल वाटांत उरलेले बारीक कण निघावेत म्हणून हे ऑइल हजार किलोमीटरलाच बदलायचं ठरलं होतं. तेव्हा मिस्त्रींनी जुना फिल्टर कापून घड्या उलगडून दाखवल्या. सिलिकॉनचे दोन-चार कण होते. चकाकणारं काही दिसत नव्हतं, आणि आण्णांनी ते उन्हात धरून दोनदा बघितलं.