बॅरिस्टर आजोबांची विलायतवारी: अपडेट 4, यादी गप्प तिथे पासपोर्ट बोलला

मागच्या अपडेटला मी रडत होतो की बोटीच्या प्रवाशांच्या याद्यांमध्ये आमचे बॅरिस्टर आजोबा (म्हणजे पणजोबांचे धाकटे भाऊ) कुठेच सापडत नाहीत. गेल्या दीड महिन्यात बरंच काही हललंय म्हणून लिहितोय, थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

घरातली कथा अशी की ते 1924 ला गेले, 1930 ला आले, मध्ये एकदा लग्नासाठी येऊन गेले. पुरावा म्हणून दादरच्या घरी भिंतीवर गाऊनमधला फोटो, ज्याच्यामागे काहीही लिहिलेलं नाही. आता आत्याने कपाटातून त्यांचा पासपोर्ट काढून दिलाय, ब्रिटिश इंडियन, मुंबईत ऑगस्ट 1926 मध्ये दिलेला. म्हणजे 1924 उडालं? लगेच नाही. आधीचा एखादा पासपोर्ट हरवलेला असू शकतो, त्यामुळे नुसत्या इश्यूच्या तारखेवर कोणी उड्या मारू नका. मी युनिव्हर्सिटीच्या जुन्या कॅलेंडरमध्ये बीए पास झालेल्यांची यादी बघितली, त्यात ते 1926 ला आहेत. आणि बॅरिस्टर घडवणाऱ्या लंडनच्या चार 'इन'पैकी एक असलेल्या मिडल टेंपलच्या अ‍ॅडमिशन रजिस्टरमध्ये (स्कॅन ऑनलाइन फुकट बघता येतात, वडिलांचं नावही असतं त्यामुळे नावसारख्याची भीती नाही) प्रवेश नोव्हेंबर 1926. तेव्हा 1924 खरंच उडालं.

आता मुख्य गंमत. पासपोर्टात मार्सेयचा शिक्का आहे सप्टेंबर 1926 चा, दुसऱ्या दिवशी कॅलेमधून बाहेर पडल्याचा, आणि इंग्लंडचा एकही नाही. मला वाटलं पान फाटलंय, पानं मोजली, सगळी जागेवर. मग डोक्यात प्रकाश पडला. 1920 ची एलियन्स ऑर्डर परदेशी माणसांसाठी होती आणि हिंदुस्थानातला माणूस कागदावर ब्रिटिश प्रजाजन, त्याला इंग्लंडात उतरायला परवानगीचा शिक्का लागतच नव्हता. म्हणजे ज्या देशात जायचं त्याचाच शिक्का नाही, वाटेतल्या फ्रान्सचा मात्र आहे!

आणि यादीत ते का नाहीत तेही इथेच सुटतं. इंग्लंडात येणाऱ्या प्रवाशांच्या याद्या `BT 26` या सिरीजमध्ये आहेत, जाणाऱ्यांच्या `BT 27` मध्ये, मूळ कागद लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये. पण या याद्या युरोप आणि भूमध्य समुद्राच्या बाहेरच्या बंदरांशी होणाऱ्या प्रवासाच्या. मुंबईहून निघालेली मेल बोट एडन, पोर्ट सईद करत मार्सेयला यायची, तिथे घाईतले लोक उतरून रेल्वेने कॅले आणि तिथून खाडी ओलांडून लंडन. बोट मात्र जिब्राल्टरला वळसा घालून साधारण आठवड्याने लंडनच्या टिलबरी बंदराला. मार्सेयला उतरलेला माणूस टिलबरीच्या यादीत कशाला असेल? आणि खाडी ओलांडणारी फेरी तर या याद्यांच्या कक्षेतच नाही. मी दोन महिने स्पेलिंग बदलून बदलून शोधत बसलो होतो, असो.

खात्री करायला टाऊन हॉलमध्ये एशियाटिकच्या लायब्ररीत जाऊन जुना टाइम्स चाळला. मेल बोट सुटायची तेव्हा प्रवाशांची नावं छापून यायची, कोण कुठे उतरणार त्या गटांनी. आजोबा 'मार्सेय'च्या गटात सापडले! आडनावाचं स्पेलिंग इतकं भयंकर की मी एकदा ओलांडून पुढे गेलो होतो. आपली 'कर' वाली आडनावं साहेबाच्या कारकुनाने कशीही लिहिलीत, त्यामुळे सर्चमध्ये पूर्ण आडनाव न टाकता `*kar`, मग `*ker`, मग `*kerr` असं करून बघा, सोबत वय आणि स्टुडंट हे दोनच फिल्टर ठेवा.

असं करतानाच उलटा मासा गळाला लागला. 1928 च्या जुलैमध्ये `BT 27` मध्ये लंडनहून मुंबईला निघालेला एक विद्यार्थी, वय बरोबर, लंडनचा पत्ता दिलेला. आणि ऑक्टोबर 1928 ला `BT 26` मध्ये तोच परत टिलबरीला. पासपोर्टात यातलं काहीच नाही, कारण या दोन्ही वेळी ते पूर्ण समुद्रमार्गाने गेले-आले आणि वाटेत फ्रान्सला उतरलेच नाहीत, शिक्का मारणार कोण? म्हणजे 1926 ला यादी गप्प आणि पासपोर्ट बोलतो, 1928 ला बरोबर उलट. एकाच कागदावर भिस्त ठेवली असती तर एक अख्खी फेरी गायब.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. `BT 27` वर तारीख सुटण्याची असते आणि `BT 26` वर पोहोचण्याची, मुंबईच्या तारखेसाठी अंदाजे तीन आठवडे पुढेमागे करा. आणि टाइप केलेला इंडेक्स बघून थांबू नका, मूळ कागदाची इमेज उघडा, कारण ऐनवेळी न गेलेल्यांची नावं यादीत रेघ मारून खोडलेली असतात आणि इंडेक्समध्ये ती रेघ उतरत नाही. आजोबांच्या नावावर रेघ नाही, बघितलं.

आता ती लग्नाची गोष्ट. ऑगस्टच्या सुरुवातीला मुंबईत, सप्टेंबरच्या मध्यावर परत बोटीवर, म्हणजे मुक्काम अख्खा चातुर्मासात. आमच्या घरात त्या काळी चातुर्मासात लग्न? शक्यच नाही. आत्याला विचारलं तर म्हणाली, "अरे लग्न कसलं, त्यांचे वडील गेले होते त्या वर्षी, दादांच्या वहीत तिथी आहे." वहीत ज्येष्ठ महिना आहे. म्हणजे तार गेली असणार आणि मिळेल त्या बोटीने निघाले असणार, हा माझा अंदाज, तार काही हातात नाही.

या फेरीने टर्म बुडाली का, हे मला महत्त्वाचं वाटत होतं. बॅरिस्टरीला बारा टर्म भरायच्या, वर्षाला चार, आणि टर्म भरायची म्हणजे इनच्या हॉलमध्ये ठरलेली जेवणं जेवायची (साधारण सहा, युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्याला तीन). ट्रिनिटी टर्म उन्हाळ्यात संपायची आणि मिकलमस नोव्हेंबरात सुरू व्हायची, जुलै ते ऑक्टोबर मोकळेच. म्हणजे एकही टर्म बुडाली नाही. गांधीजींचं गणित ताडून बघा: इनर टेंपलमध्ये प्रवेश 6 नोव्हेंबर 1888, कॉल म्हणजे बॅरिस्टर म्हणून रीतसर मान्यता 10 जून 1891, बारा टर्म बरोबर भरतात, आणि 12 जूनला ते बोटीवर. 'तीन वर्षं' म्हणतात ती प्रत्यक्षात अडीचच्या थोडी वर. त्या हिशोबाने आजोबांचा कॉल जून 1929 ला व्हायला हवा होता. रजिस्टरमध्ये आहे जानेवारी 1930.

मधले सात महिने? टर्म भरणं वेगळं आणि परीक्षा पास होणं वेगळं. मला वाटतं फायनलला एकदा गचकले असावेत, घरात हे कोणी बोलत नाही, आत्याने तर विषयच बदलला. अर्थात परीक्षा पास होऊनही कॉल अडू शकतो, सावरकरांना ग्रेज इनने नाकारलाच होता, पण आमच्याकडे तसलं राजकारण नव्हतं.

परतीच्या बोटीसाठी `BT 27` पुन्हा रिकामं. यावेळी मी रडलो नाही, सरळ पासपोर्ट उघडला: फेब्रुवारी 1930, कॅले, मग इटलीत शिरल्याचा शिक्का. म्हणजे इटलीहून बोट पकडली, बहुतेक लॉइड ट्रिएस्टिनोची, ती कंपनी मुंबईला यायची. पुढच्या रविवारी टाइम्सचा मार्च 1930 चा गठ्ठा मागवलाय, उतरलेल्यांच्या नावात ते दिसतात का बघायचं. इटालियन बोटींच्या याद्या कोणी वापरल्या असतील तर सांगा.