धूर वर चढला तेव्हा

मे महिना, धुळ्याबाहेर अंगावर येणारं ऊन, आणि आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या गाऊनमध्ये. इंजेक्शनच्या कुप्या भरण्याची नवी लाइन होती. हवेची रचना माझी होती.

कागदावर सगळं पास होतं. ग्रेड ए, म्हणजे सर्वात स्वच्छ दर्जाच्या हवेत, घनमीटरमागे 0.5 मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे 3520 पर्यंत कण चालतात. कण मोजणारा काउंटर जेमतेम शून्याच्या वर जात होता. कुप्यांच्या उंचीवर हवेचा वेग 0.45 मीटर प्रतिसेकंद, म्हणजे 0.36 ते 0.54 या पट्ट्यात नीट बसलेला. राहिली होती ती धुराची चाचणी. शुद्ध पाण्याचं धुकं फिल्टरखाली सोडायचं आणि ते कसं उतरतं याचं चित्रण करायचं.

धुकं पडद्यासारखं सरळ खाली आलं. मग टेबलाच्या डाव्या कडेला अडलं, गुंडाळी घेत उठलं आणि उघड्या कुप्यांवरून उजवीकडे सरकलं. काचेबाहेर उभा असलेला आमचा फिटर ओरडला, "दादा, धूर वर चढी राह्यना!"

पोटात गोळा आला, कारण डावीकडे काय आहे ते मला ठाऊक होतं. रबरी बुचांच्या पिशव्या ठेवायला ऑपरेटरांनी स्टीलचा पत्रा मागितला होता आणि मी होकार दिला होता. टेबल आणि काच यांच्यामधली 20 सेंटिमीटरची फट त्या पत्र्याने बुजली होती.

मी तिथेच हिशोब मांडला. फिल्टरचं क्षेत्र 1.2 गुणिले 2.4, म्हणजे 2.88 चौरस मीटर. त्यातून सेकंदाला सुमारे 1.3 घनमीटर हवा उतरते. दोन्ही बाजूंच्या फटी मिळून 0.96 चौरस मीटर होत्या, त्यातली निम्मी वाट मी बंद केली होती. डावीकडची हवा उजवीकडची वाट शोधत होती, आणि ती वाट नेमकी कुप्यांवरून जात होती. काउंटरला हे कळणं शक्य नव्हतं. खोली रिकामी असताना पत्र्यावर कण सोडणारं काहीच नव्हतं, त्यामुळे वळलेली हवाही स्वच्छच होती. उद्या तिथे पिशवी फाडणारा हात आला असता, तर त्या हाताला लागलेली हवा थेट उघड्या कुपीत उतरली असती. कुपीला फिल्टरची पहिली हवा मिळाली पाहिजे, कशाला तरी लागून आलेली नाही.

पत्रा काढला. पिशव्यांसाठी बारीक गोल सळ्यांची चौकट केली, तीही कुप्यांच्या रांगेपासून लांब, टेबलाच्या टोकाला. डावी फट पुन्हा मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा धुकं सोडलं. या वेळी ग्लोव्हमधून हात घालून, पिशवी उघडण्याची हालचाल करत चित्रण केलं. धुकं कुप्यांवरून सरळ उतरलं आणि दोन्ही फटींतून खाली गेलं. फिटरने काचेला नाक लावून दोनदा पाहिलं, मगच मान हलवली.

अहवालात मी पत्र्याची मंजुरी माझ्या सहीसकट जोडली.