उपयोगिता फलन न ठरवता जोखमीचे पर्याय लावताना: माझा अनुभव

कृषी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधात मला कोरडवाहू पीकयोजनांची जोखमीनुसार तुलना करायची होती. रूढ वाट अशी की, शेतकऱ्याचे एखादे उपयोगिता फलन, म्हणजे किती उत्पन्न त्याला किती मोलाचे वाटते हे सांगणारे सूत्र, गृहीत धरायचे, जोखीम टाळण्याच्या वृत्तीला एक आकडा द्यायचा आणि प्रत्येक योजनेची अपेक्षित उपयोगिता काढायची. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत विचारले, "हा आकडा कुठून आणणार?" माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण आकडा थोडा बदलला की योजनांचा क्रमही बदलत होता. म्हणून त्यांनी स्टोकॅस्टिक डॉमिनन्स, म्हणजे एका वितरणाचे दुसऱ्यावरील वर्चस्व, ही पद्धत वापरायला सांगितली. जोसेफ हदार व विल्यम रसेल यांनी आणि गिओरा हॅनोक व हाईम लेवी यांनी १९६९ मध्ये स्वतंत्रपणे ती अर्थशास्त्रात मांडली.

सरावासाठी मी हॅन्स बिन्सवांगर यांच्या प्रयोगातील पर्याय घेतले. महाराष्ट्र आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खेड्यांत ग्रामस्थांना आठ पर्यायांपैकी एक निवडायला सांगून, नाणे उडवून खरे पैसे देण्याचा हा प्रयोग १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास रुपयांच्या पातळीवर पर्याय असे होते: दोन्ही बाजूंना ५० रुपये, ४५ किंवा ९५, ४० किंवा १२०, ३५ किंवा १२५, ३० किंवा १५०, २० किंवा १६०, १० किंवा १९०, आणि शेवटी शून्य किंवा २००. प्रत्येक रकमेची शक्यता निम्मी. आकडे इतके सुटसुटीत आहेत की सगळी पडताळणी कागदावर होते.

पहिल्या क्रमाच्या वर्चस्वाची अट फारच थोडी मागते: माणसाला कमी पैशांपेक्षा जास्त पैसे आवडावेत, एवढेच. कोणतीही रक्कम घ्या, निदान तेवढे हाती येण्याची शक्यता पहिल्या पर्यायात दुसऱ्याइतकी किंवा जास्त असावी, आणि कुठेतरी ती खरोखर जास्त असावी. इथे एक गोष्ट मला बराच वेळ अडवून बसली होती. ही तुलना परिस्थितीगणिक होत नाही, वितरणांची होते. समजा, एका पर्यायात छापा पडला तर ९५ आणि काटा पडला तर ४५ मिळतात. दुसऱ्यात छाप्याला ४० आणि काट्याला ९०. काटा पडला तर दुसरा पर्याय घेणारा दुप्पट कमावतो, तरीही पहिल्याचेच वर्चस्व आहे, कारण रकमा चढत्या क्रमाने मांडल्या की ४५ समोर ४० येतात आणि ९५ समोर ९०. म्हणून शक्यता सारख्या असतील तेव्हा पहिली पायरी नेहमी रकमा चढत्या क्रमाने लावणे हीच असते. त्यानंतर जागेला जागा लावून पाहिले की काम संपते.

बिन्सवांगर यांच्या यादीवर ही कसोटी चालवली तेव्हा एकही जोडी तिने निकालात काढली नाही. यादीत खाली जावे तसतशी लहान रक्कम घटते आणि मोठी वाढते, त्यामुळे कोणताही पर्याय दुसऱ्यापेक्षा दोन्ही जागी चांगला ठरत नाही. प्रत्यक्षात असेच घडते. ज्या पर्यायावर सरळसरळ मात होते, तो यादीत फार काळ टिकत नाही.

दुसऱ्या क्रमाच्या वर्चस्वात आणखी एक अट येते, ती म्हणजे माणूस जोखीम टाळणारा असावा, उत्पन्न वाढेल तशी पुढच्या रुपयाची त्याला वाटणारी किंमत कमी होत जावी. पाठ्यपुस्तकात ही कसोटी संचयी वितरण फलनाखालील, म्हणजे एखाद्या रकमेइतके किंवा त्याहून कमी मिळण्याची शक्यता दाखवणाऱ्या आलेखाखालील, क्षेत्रफळांच्या रूपात दिलेली असते आणि ती पाठ करून परीक्षा पास होता येते. पण प्रबंधात ती का चालते हे लिहायचे होते. मला ती मर्यादेच्या रूपात समजली. कोणतीही एक मर्यादा k ठरवा आणि k च्या वरचे उत्पन्न हिशेबातून सोडून द्या, जशी टाकी भरली की वरचे पाणी वाहून जाते. मग उरलेल्याची सरासरी काढा:

E[min(X, k)]

प्रत्येक k साठी ही सरासरी पहिल्या पर्यायात दुसऱ्याइतकी किंवा जास्त आली, आणि कुठेतरी खरोखर जास्त आली, तर पहिल्याचे दुसऱ्या क्रमाचे वर्चस्व आहे. याचे कारण असे की, वाढणारे पण वाढीचा वेग मंदावत जाणारे कोणतेही फलन अशा लहानमोठ्या टाक्यांच्या धन वजनांच्या बेरजेतून हवे तितके जवळ गाठता येते. प्रत्येक टाकीत जो पुढे, तो त्यांच्या बेरजेतही पुढेच राहणार. एवढे उमगल्यावर "सर्व उपयोगिता फलनांसाठी" हा शब्दप्रयोग मला धाडसी वाटेनासा झाला.

४० किंवा १२० आणि ३५ किंवा १२५ ही जोडी घेऊ. दोन्हींची सरासरी ८०. मर्यादा ४० ठेवली तर पहिल्याचे ४० येतात आणि दुसऱ्याचे साडेसदतीस. मर्यादा १२० केली तर ८० आणि साडेसत्त्याहत्तर. १२५ ला दोन्ही ८० वर एकत्र येतात. मधे कुठेही दुसरा पुढे जात नाही, म्हणून जोखीम टाळणाऱ्या कोणालाही ३५ किंवा १२५ निवडण्याचे कारण उरत नाही. मायकेल रॉथशिल्ड आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९७० मध्ये सांगितलेली गोष्ट हीच आहे: सरासरी तशीच ठेवून वितरण दोन्हीकडे पसरले की जोखीम टाळणारा प्रत्येक जण त्याला नापसंत करतो. याच न्यायाने २० किंवा १६० हा पर्याय ३० किंवा १५० पुढे हरतो आणि शून्य किंवा २०० हा १० किंवा १९० पुढे. कोणाचेही उपयोगिता फलन न विचारता आठांतून तीन पर्याय गळाले.

उरलेल्या पाचांपाशी मात्र पद्धत थांबते, आणि ती का थांबते हे मला गळालेल्या तिघांपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. खात्रीचे ५० आणि ४५ किंवा ९५ यांची तुलना करा. मर्यादा ५५ पेक्षा खाली असेल तिथे (४५ च्या वर) खात्रीचे ५० पुढे असतात. ५५ ला बरोबरी होते. त्यापुढे ४५ किंवा ९५ पुढे जातो. म्हणजे कोणाचेच वर्चस्व नाही. बोलताना मात्र आपण म्हणू की, पाच रुपये कमी होण्याच्या भीतीने पंचेचाळीस रुपये जास्त मिळण्याची तेवढीच शक्यता कोण सोडील? पद्धतीचे उत्तर असे की, असा माणूस कल्पिता येतो, आणि "सर्व" म्हटल्यावर त्यालाही मोजावे लागते. त्यासाठी ५० च्या खालच्या रुपयाची किंमत ५० च्या वरच्या रुपयाच्या सरासरी नऊपटीहून जास्त वाटायला हवी.

यावरून सोयीचे दोन नियम हाती येतात. ज्याची सर्वांत लहान रक्कम कमी आहे, तो वर्चस्व गाजवू शकत नाही. ज्याची सरासरी कमी आहे, तोही नाही. हे दोन आकडे आधी पाहिले की बऱ्याच जोड्यांची पुढची आकडेमोडच वाचते. मोशे लेश्नो आणि लेवी यांनी २००२ मध्ये "जवळजवळ वर्चस्व" ही सैल कसोटी मांडली. तिच्या पहिल्या क्रमाच्या रूपात संचयी फलनांमधील एकूण क्षेत्रफळापैकी उलट बाजूचा वाटा किती, हे पाहतात. वरच्या जोडीत ४५ ते ५० मध्ये अडीच एकक उलट बाजूला आहे आणि ५० ते ९५ मध्ये साडेबावीस सुलट बाजूला, म्हणजे उलट वाटा एक दशांश. किती वाटा चालवून घ्यायचा हे पुन्हा आपणच ठरवायचे असल्यामुळे मी तो आकडा तक्त्यात दिला, पण त्यावर निष्कर्ष बेतला नाही.

पीकयोजनांकडे वळल्यावर वेगळ्याच अडचणी आल्या. एका योजनेच्या बारा वर्षांच्या नोंदी होत्या आणि दुसरीच्या आठच. जागेला जागा लावण्यासाठी पहिलीचे प्रत्येक वर्ष दोनदा आणि दुसरीचे तीनदा लिहिले की दोन्हीकडे चोवीस सारख्या शक्यतेचे आकडे होतात आणि वितरण जसेच्या तसे राहते. त्याआधी उत्पन्न एकाच वर्षाच्या किमतींवर आणावे लागते, नाहीतर जुन्या वर्षांची स्वस्ताई जोखीम म्हणून मोजली जाते. सर्वांत मोठी शंका किमान रकमेबद्दल राहते: एकाच वाईट वर्षाच्या नोंदीवर सगळा निकाल टांगलेला असतो. म्हणून मी प्रत्येक योजनेतील सर्वांत वाईट वर्ष वगळून कसोटी पुन्हा चालवली, आणि ज्या जोड्यांचा निकाल बदलला त्या वेगळ्या दाखवल्या.

मॅडमनी शेवटी जो प्रश्न काढला, तो छापाकाट्याच्या त्याच उदाहरणातून आला. ज्या पर्यायावर मात झाली, त्यात निम्मे पैसे आणि विजेत्यात निम्मे पैसे घातले तर? छापा पडला तर ९५ आणि ४० यांचे निम्मे, म्हणजे साडेसदुसष्ट. काटा पडला तर ४५ आणि ९० यांचे निम्मे, तेही साडेसदुसष्ट. विजेत्याची सरासरी ७० असली तरी किमान ४५ आहे, म्हणून या खात्रीच्या रकमेवर त्याचे वर्चस्व चालत नाही. एकटा घेतल्यावर यादीतून बाद होणारा पर्याय मिश्रणात तग धरतो, कारण दोघांची वाईट वेळ एकत्र येत नाही, आणि सुटी वितरणे पाहणाऱ्या कसोटीला ही माहिती दिसतच नाही. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेणाऱ्या शेतकऱ्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. त्यामुळे मी प्रकरणाची रचना बदलली: एकेकट्या पिकांपैकी कोणतेही आधी गाळले नाही, प्रत्येक आंतरपिकाचे प्रमाण हा स्वतंत्र पर्याय मानून त्याचे वर्षवार उत्पन्न काढले, आणि ते आकडे तयार झाल्यावरच चढता क्रम लावला.