सिकलसेलच्या सत्राचे प्रास्ताविक

पॅथॉलॉजीच्या आमच्या अभ्यासगटात एकाने तयारी करून इतरांना शिकवायचे, अशी पद्धत आहे. माझ्या वाट्याला सिकलसेल आला. विदर्भात हा आजार इतका आढळतो की नागपूरच्या वॉर्डात त्याचे रुग्ण आम्ही सर्वांनीच पाहिले होते. म्हणून प्रास्ताविकासाठी मी एकच प्रश्न निवडला : सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, तर नेमके काय कळले?

मी म्हणालो, “मित्रमैत्रिणींनो, आज आपण चाचणीपासून निदानापर्यंतचा टप्पा तेवढाच पाहणार आहोत. पडद्यावर फक्त चित्रे येतील. व्याख्या आणि आकडे तुमच्या हातातील पानावर आहेत, तेव्हा स्लाइड उतरवून घेण्यात वेळ घालवू नका. प्रत्येक चित्रानंतर मी पडदा काळा करीन. तेवढ्या वेळात शेजाऱ्याशी चर्चा करून उत्तर वहीत लिहा. उत्तराची स्लाइड त्यानंतरच येईल.”

पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना `B` ही कळ दाबली की पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबली की तीच स्लाइड परत दिसते. समोर चित्र राहिले की सगळे त्याकडेच पाहत बसतात. पडदा काळा झाला की आपसांत बोलू लागतात, असे मला आधीच्या सत्रांत जाणवले होते.

पहिल्या चित्रात दोन गढूळ नळ्या होत्या, एक वाहकाची आणि एक रुग्णाची. या चाचणीत तांबड्या पेशी फोडून त्यांतील हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन डायथायोनाइटने काढून घेतात. फॉस्फेटच्या तीव्र द्रावणात हिमोग्लोबिन एस विरघळत नाही आणि नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. “यांतील रुग्णाची नळी कोणती?” असे विचारून मी पडदा काळा केला. बहुतेकांनी अधिक गढूळ नळीकडे बोट दाखवले. वास्तविक हिमोग्लोबिन एस आहे, एवढेच ही चाचणी सांगते. वाहक की रुग्ण, हे ती ठरवू शकत नाही.

पुढची स्लाइड इलेक्ट्रोफोरेसिसची होती. वाहकाच्या नमुन्यात ए आणि एस असे दोन्ही पट्टे दिसत होते व त्यांत ए अधिक ठळक होता. रुग्णाच्या नमुन्यात ए चा पट्टा नव्हता, एस ठळक होता आणि थोडे एफ होते. मात्र नुकतेच रक्त चढवलेल्या रुग्णात दात्याचे ए दिसते आणि तो वाहक वाटू शकतो. म्हणून अहवाल वाचण्याआधी रक्त कधी दिले हे विचारावे, असे मी आवर्जून सांगितले.

एका मैत्रिणीने नवजात बाळाबद्दल विचारले. त्याची स्लाइड मी शेवटी राखून ठेवली होती. तिचा क्रमांक टाइप करून `Enter` दाबताच ती उघडली. पहिल्या काही महिन्यांत एफ भरपूर आणि एस कमी असल्यामुळे सोल्युबिलिटी चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, हे तिथेच दाखवता आले.